सूचना: कुलाबा किल्ल्याची फेरी तिथी पाहूनच ठरवा

सभासदांनो, अलिबागच्या किल्ल्यात चालत जायचे किंवा वाटेतल्या खडकांवर गरी टाकायची, तर रविवार कधी येतो यापेक्षा तिथी कोणती हे आधी बघा.

ढोबळ हिशोब जुनाच आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ४ × ३/४ = ३, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारीही. ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी सव्वानऊला. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून नेमकी वेळ आणि उंची भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या. बंदर कोणते तेही तपासा.

अष्टमीला ओहोटी बाराला येते, ती सोयीची वाटते. पण ते दिवस भांगाचे. पाणी पुरते हटतच नाही. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतरही एक-दोन दिवस टिकतो, म्हणून आमची पसंती तृतीया-चतुर्थीला.

ओहोटीच्या दीड तास आधी निघा आणि पाणी फिरल्यावर तासाभरात किनाऱ्याला लागा. भरतीचा वेग सारखा नसतो. चार मीटरचा फरक असेल तर तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून दोन मीटर पाणी चढते. शिवाय ते आधी किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या सखल भागात भरते. पायाखालचा खडक कोरडा असताना मागची वाट बुडालेली असते.

वाट बुडालीच तर पाण्यात उतरू नका, किल्ल्यातच थांबा. पावसाळ्यात फेरी बंद.