वाढ २५ टक्के, बिल ३० च्या वरचं: सप्टेंबरचे १३,५०० रुपये परत करा

प्रति,
व्यवस्थापक, विक्रेता खाती विभाग

विषय: विक्रीवाढ चुकीची मोजून जादा कापलेलं कमिशन

काल दुपारी तुमच्या माणसाने चौथ्यांदा माझा फोन मधेच ठेवला, म्हणून आता लेखी.

कलम तुमचंच आहे. एप्रिलच्या तुलनेत सप्टेंबरची विक्री ३० टक्क्यांहून जास्त वाढली, तर सप्टेंबरपासून कमिशन ८ ऐवजी ११ टक्के. वाढ मोजायची ती तुमच्या डॅशबोर्डवरच्या आलेखावरून. माझी वही चालत नाही, कारण परत आलेले टॉवेलही तुम्ही विक्रीत धरता. ठीक आहे, आलेख तर आलेख. पण त्या आलेखावर कुठेही बोट ठेवलं तरी आकडा उमटत नाही आणि फाइलही उतरवता येत नाही. खूप मागे लागल्यावर तुमच्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवला, तोही डावीकडचे आकडे कापून! आकड्यांसकट दुसरा मिळायला आणखी तीन दिवस गेले. एप्रिल आणि सप्टेंबरवर लाल ठिपके, आणि वर हिरव्या अक्षरांत ‘वाढ १५०%’.

१५० टक्के वाढ झाली असती तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा एकच शेड राहिला नसता, एवढं तरी कुणाच्या मनात यायला हवं होतं.

कालचं संभाषण जसंच्या तसं देते, कारण तुमच्याकडे ‘गुणवत्तेसाठी रेकॉर्ड’ होतं म्हणतात, काढून ऐका. मी विचारलं, १५० आले कुठून? तो म्हणाला, “मॅडम, सप्टेंबरचा ठिपका एप्रिलच्या अडीच पट उंच आहे. अडीच पट म्हणजे दीडशे टक्के वाढ. दिसतंय की.” मी म्हटलं, अहो, सगळ्यात खालची रेघ शून्याची नाही, ३०० हजारांची आहे, डावीकडे लिहिलंय. त्यावर तो म्हणाला, “ते स्केल आहे मॅडम. स्केलचा वाढीशी संबंध नसतो.” मला दोन क्षण काही बोलताच आलं नाही. त्याला वाटलं मला समजलं नाही. मग आवाज मऊ करून म्हणतो, “घरात कुणाला ग्राफ कळतो का? मिस्टरांना द्या ना फोन.”

मिस्टर लूमवर होते. दिलाही असता त्यांना फोन, पण हिशेबाचं काही आलं की ते मलाच हाक मारतात. बावीस वर्षं या कारखान्याचं खातं मी बघते. टॉवेल अर्धा इंच कमी भरला तर अख्खा लॉट परत येतो, त्यामुळे मोजायची सवय आहे.

म्हणून मोजलं. स्क्रीनशॉट नवी पेठेत ए-फोर कागदावर छापून घेतला आणि मुलाच्या कंपासमधली पट्टी घेतली. छापताना चित्र लहानमोठं झालं तरी बिघडत नाही, कारण रेघा आणि ठिपके एकाच मापात बदलतात. फक्त मोजायचं ते त्याच कागदावरच्या रेघांना धरून. आडव्या रेघा ३००, ३५०, ४००, ४५०, ५०० हजारांच्या. आधी प्रत्येक दोन रेघांमधलं अंतर बघितलं: सगळीकडे २५ मिलिमीटर. म्हणजे आलेखाचं माप सगळीकडे सारखं आहे, वर जाताना घरं आक्रसत नाहीत. २५ मिलिमीटरला ५० हजार, म्हणून १ मिलिमीटरला २ हजार.

एप्रिलच्या ठिपक्याचा मध्य ३५० च्या रेघेवर ५ मिलिमीटर, म्हणजे ३६० हजार. सप्टेंबरचा ठिपका ४५० च्या रेघेवरच बसलाय. वाढ ९० हजार. ती भागायची ज्या महिन्यापासून सुरुवात केली त्या महिन्याच्या आकड्याने, म्हणजे ३६० ने. उत्तर २५ टक्के.

आता तुमच्या माणसाने काय केलं ते बघा. तळापासून एप्रिल ३० मिलिमीटर, सप्टेंबर ७५ मिलिमीटर. बरोब्बर अडीच पट! त्याने विक्री नाही, कागदावरची उंची मोजली. रेघेखालचे ३०० हजार त्याने खिशात घातले आणि उरलेल्या ६० चे १५० झाले म्हणून मला अभिनंदन सांगितलं.

ठिपका जाड आहे, पट्टीने एखादा मिलिमीटर इकडे तिकडे होतो, हे मीच कबूल करते. दोन्हीकडे एकेक मिलिमीटर तुमच्या बाजूने चुकवला, म्हणजे एप्रिल ३५८ आणि सप्टेंबर ४५२ धरला, तरी वाढ २६ टक्क्यांच्या थोडी वर जाते. उलट बाजूने चुकवला तर २४ च्या खाली जरा. ३० टक्क्यांसाठी सप्टेंबरला ४६८ हजार लागतात, म्हणजे ठिपका आणखी ९ मिलिमीटर वर हवा. ९ मिलिमीटरची चूक चष्मा काढूनही होत नाही.

तुमच्या सुपरवायझरबाईंनी आणखी एक काढलं होतं: ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या मध्ये रेघ ४६० पर्यंत गेली आहे. ती गेली आहे कारण तुमच्या सॉफ्टवेअरने ठिपके गोलाईदार रेघेने जोडलेत. दोन महिन्यांच्या मध्ये कुठला महिना असतो? तो फुगवटा आहे, विक्री नाही. तरी तोही धरला तर वाढ २८ च्या आतच राहते.

आणि शेवटचं, जे मला काल रात्री बिलं काढल्यावर दिसलं. जादा कापले १३,५०० रुपये. हे ३ टक्के कशाचे? ४,५०,००० चे. एप्रिलला ८ टक्क्यांनी कापले होते २८,८०० रुपये, म्हणजे ३,६०,००० वर. दीडशे टक्के वाढ खरी असती तर एप्रिलची विक्री १,८०,००० होते आणि कमिशन फक्त १४,४००. मग एप्रिलचे उरलेले १४,४०० पण परत करणार का? पैसे कापणाऱ्या विभागाला आलेख नीट वाचता येतो, फक्त वाढ सांगणाऱ्याला येत नाही. सोय चांगली आहे.

तुमच्याकडे आम्ही पहिल्या वर्षापासून आहोत. चाटी गल्लीतल्या लोकांनाही मीच तुमचं नाव सांगितलं होतं. आता ते मला विचारतात आणि मी विषय बदलते. मिस्टरांना फोन द्या म्हणणं तर मी विसरणारच नाही.

दिवाळीचा ४०० टॉवेलांचा माल बांधून ठेवलाय. आठ दिवसांत १३,५०० रुपये खात्यात आले नाहीत, ८ टक्क्यांचं सुधारित बिल मिळालं नाही आणि त्या माणसाचा माफीचा फोन आला नाही, तर हा माल तुमच्याकडे येणार नाही आणि पुढचं पत्र वकिलाचं असेल. फोन माझ्या नंबरवर करावा. मिस्टरांच्या नाही.

सोबत: स्क्रीनशॉटची छापील प्रत, मापं पेनाने लिहून, एप्रिल आणि सप्टेंबरची बिलं.

आपली विक्रेती,
टॉवेल व चादर उत्पादक, सोलापूर