मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना खुलं पत्र : पुढची साथ येण्याआधी आमच्या ऑफिसांतली हवा मोजा, आणि आजारी माणसाला घरी बसता येईल असं करा

मा. मंत्री महोदय,
सा. न.

मी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एका बॅक ऑफिसला टीम लीडर आहे, माझ्या रूममध्ये 24 जण बसतात, हेडफोन लावून दिवसभर फोनवर बोलायचं हेच काम. आत्ता साथ नाहीये म्हणूनच लिहितेय, कारण मी जे मागणार आहे त्यात भिंतीला भोक पाडायचं काम आहे आणि कायद्यात एक ओळ घालायचं काम आहे, आणि ही दोन्ही कामं साथ डोक्यावर आल्यावर होत नाहीत हे आपण 2021 ला कोरोनात बघितलंय.

मार्च 2021 मध्ये आमच्या रूममध्ये काय झालं ते आधी सांगते. एका सोमवारी आमच्यातला एक जण अंग दुखत असताना कामावर आला. गेटवर सिक्युरिटीने मनगटावर टेम्परेचर गन धरली, 97 आलं, सोडला आत. तो सकाळी क्रोसिन घेऊन निघाला होता हे त्यानेच मला नंतर सांगितलं. का आलास रे असं विचारल्यावर म्हणाला, ताई, सीएल संपल्यात, आता एक दिवस जरी राहिलो तरी पगार कापतील आणि महिन्याचा अटेंडन्स बोनस पण जाईल. पुढच्या दहा दिवसांत आमच्या 24 पैकी 9 जण पॉझिटिव्ह आले. त्यातल्या एकीच्या आईला तिच्याकडून लागण झाली, ती बाई हॉस्पिटलमधून परत आली नाही.

मला तेव्हा त्या मुलाचा राग आला होता, आता नाही येत. त्याच्याकडे दुसरा रस्ताच नव्हता.

आता बघा, आमच्या ऑफिसने तेव्हा काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. दर दोन तासांनी टेबलं पुसायचे, रोज संध्याकाळी फवारणी व्हायची, खुर्च्यांमध्ये सहा फूट अंतर, मध्ये अ‍ॅक्रिलिकच्या काचा, जमिनीवर पिवळे गोल. खर्च भरपूर केला. पण खिडक्या? खिडक्या स्लाइडिंगच्या, एसीची हवा बाहेर जाऊ नये म्हणून सिलिकॉन मारून बंद केलेल्या. चार स्प्लिट एसी दिवसभर चालू. आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, रूममधलीच हवा खेचतो, थंड करतो आणि परत आपल्याच तोंडावर सोडतो, हे आमच्यापैकी अर्ध्या लोकांना माहीतच नव्हतं, मला पण नव्हतं. थंड हवा म्हणजे ताजी हवा असं वाटायचं.

हा विषाणू बोलताना, श्वास सोडताना निघणाऱ्या अगदी बारीक कणांवर बसून हवेत तरंगतो. केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या ऑफिसने मे 2021 मध्ये स्वच्छ लिहिलं होतं की मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात पण हे बारीक कण हवेबरोबर दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. म्हणजे आमच्या पूर्ण रूमच्या लांबीएवढे. सहा फुटांचा उपयोग आहेच, समोरच्याच्या तोंडातून निघालेला ताजा भपका थेट आपल्या नाकात येत नाही, पण बंद रूममध्ये आठ तास बसल्यावर ते अंतर पुरत नाही. दक्षिण कोरियात सोलमध्ये मार्च 2020 ला एका कॉल सेंटरच्या अकराव्या मजल्यावर 216 पैकी 94 जणांना लागण झाली, आणि त्यातले जवळजवळ सगळे मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे होते. लिफ्ट आणि लॉबी बाकीच्या मजल्यांच्या लोकांबरोबर सामाईक होती, तिथून विशेष पसरलं नाही. एकत्र, तासनतास, बोलत बसलेल्यांनाच झालं. आमचं कामच ते आहे साहेब.

त्यानंतर मी स्वतःच्या पैशाने कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर घेतला. विषाणू काही त्यात दिसत नाही, पण माणूस श्वासातून हा वायू सोडतो, त्यामुळे रूममध्ये दुसऱ्यांनी सोडलेली किती हवा आपण परत ओढतोय याचा अंदाज येतो. बाहेर मोकळ्या हवेत साधारण 420 पीपीएम असतं, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग. आमच्या रूममध्ये सकाळी दहाला 520 होतं, सव्वाबाराला 2100, आणि मग दीडपर्यंत तिथेच अडकलं. आकडा असा एका जागी थांबला की हिशेब करता येतो. बसून काम करणारा माणूस तासाला ढोबळमानाने 18 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. 2100 मधून बाहेरचे 420 वजा केले की 1680 उरतात, त्यावरून निघतं की आमच्या वाट्याला माणशी सेकंदाला साधारण 3 लिटर बाहेरची हवा येत होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ऑफिससारख्या जागांसाठी सांगितलेला आकडा आहे माणशी सेकंदाला 10 लिटर. म्हणजे तिसरा हिस्सा पण नाही!

मॅनेजरला कागदावर दाखवलं, तो भला माणूस, त्याने लगेच एक खिडकी मोकळी करून बारा इंची एक्झॉस्ट फॅन लावून दिला. आणि एवढं करून आकडा 1600 च्या खाली येईना. मग मी उदबत्ती लावून रूमभर फिरले. खिडकीजवळ धूर सुसाट पंख्याकडे जात होता, आणि पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे आठ जण बसतात, तिथे धूर सरळ वर जाऊन नुसता लोंबकळत राहिला. पंखा उघड्या खिडकीच्या बरोब्बर वर बसवला होता, त्यामुळे खिडकीतून आत आलेली हवा तशीच वरून बाहेर, रूमला तिचा पत्ताच नाही. मग ती खिडकी बंद केली, समोरच्या भिंतीवरच्या खिडकीचं सिलिकॉन कापून ती चार बोटं उघडी ठेवली आणि पॅसेजचं दार उघडं. पाऊण-एक तासात आकडा 900 वर येऊन थांबला, म्हणजे माणशी 10 लिटरच्या आसपास. एसी 26 वर ठेवला, बिल थोडं वाढलं, पण दुपारी डोकं जड व्हायचं ते बंद झालं. अ‍ॅक्रिलिकच्या काचा पण काढायला लावल्या, कारण त्यांच्यामागे धूर साचून राहत होता.

मीटरबद्दल एक सांगायला हवं, कारण उद्या तुम्ही सक्ती केली तर बाजारात स्वस्तातले खोटे मीटर येतील. त्यातल्या बऱ्याच मीटरमध्ये कार्बन डायऑक्साइडचा सेन्सरच नसतो, दुसऱ्याच वायूंवरून अंदाजे आकडा दाखवतात. ओळखायचं सोपं आहे, जवळ सॅनिटायझर मारायचा, आकडा एकदम उसळला तर तो मीटर खोटा. आणि मीटर खिडकीत किंवा कुणाच्या तोंडासमोर ठेवायचा नाही. जिथे हवा शुद्ध करायचा फिल्टर लावलाय तिथे पण हा आकडा पूर्ण खरं सांगत नाही, फिल्टर कण अडवतो, हा वायू अडवत नाही, त्यामुळे आकडा जास्त दिसूनही धोका कमी असू शकतो.

मास्कचं थोडक्यात लिहिते. आम्हाला ऑफिसने कापडी मास्क दिले होते, कंपनीचा लोगो छापलेले. नाकाच्या दोन्ही बाजूंनी सगळी हवा बाहेर, चष्मेवाल्यांच्या काचांवर वाफ धरायची तिथेच कळायचं की मास्क बसलेला नाही. काही जण व्हॉल्ववाले एन-95 घालायचे, त्यातून सोडलेला श्वास तसाच बाहेर येतो म्हणून केंद्राच्या आरोग्य खात्याने जुलै 2020 मध्येच ते वापरू नका म्हटलं होतं, पण ऑफिसला कोण सांगणार. साथीत बंद रूममध्ये बिनव्हॉल्वचा, डोक्यामागून पट्टे असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 मालकाने द्यायला हवा. आणि दीड वाजता काय होतं ते बघा, सगळे मास्क काढून बिनखिडकीच्या पँट्रीत एकमेकांना खेटून डबे उघडतात. सकाळपासून केलेलं सगळं त्या अर्ध्या तासात पाण्यात. आमच्याकडे आता जेवणाच्या तीन पाळ्या केल्यात आणि गच्चीच्या दारातल्या पॅसेजमध्ये दोन बाकडी टाकलीत, खर्च जवळपास शून्य.

आता मूळ दुखणं, रजा. आपल्या राज्याच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला 8 दिवस पगारी सीएल आहे, आजारपणाची वेगळी रजा नाही. त्या आठात मुलाची शाळा, गावचं लग्न, कुणाचं मयत, सगळं बसवायचं. मालक म्हणतात ईएसआय आहे ना, म्हणजे सरकारी कामगार विमा. आहे, पण हिशेब करून बघा. 15,000 पगार म्हणजे दिवसाचे 500. सात दिवस घरी राहायला सांगितलं तर 3,500 बुडतात. ईएसआयमध्ये आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा मिळतच नाहीत, उरलेल्या पाच दिवसांचे 70 टक्के, म्हणजे 1,750. बरोब्बर अर्धे. ते पण नंतर. आणि त्यासाठी दवाखान्यात जाऊन सर्टिफिकेट आणायचं, म्हणजे ज्याला घरी बसवायचंय त्यालाच आजारी लोकांच्या रांगेत उभं करायचं. 21,000 च्या वर पगार गेला तर तेही नाही. आणि ते पहिले दोन दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात हो, लागण झालेला माणूस लक्षणं दिसायच्या आधीपासून आणि सुरुवातीच्या दिवसांत सगळ्यात जास्त पसरवतो. म्हणजे ज्या दिवशी त्याने घरी राहायला हवं, नेमक्या त्याच दिवसाचे पैसे आपण कापतो.

ईएसआयचा नियम केंद्राचा आहे, तुम्ही एकट्याने बदलू शकत नाही हे मला कळतं, तिथे तुम्ही राज्याच्या वतीने मागणी करा की जाहीर झालेल्या साथीत पहिल्या दोन दिवसांची अट लागू नको. पण आस्थापना कायदा आपल्या विधानसभेचा आहे. त्यात साथ जाहीर असेपर्यंत सीएलला धक्का न लावता सात दिवस वेगळी पगारी रजा घाला, पहिल्या तीन दिवसांसाठी सर्टिफिकेट मागायचं नाही आणि त्या रजेवरून अटेंडन्स बोनस कापायचा नाही. छोट्या दुकानदाराला हे जड जाईल, मला मान्य आहे, माझा भाऊच असं दुकान चालवतो, त्यांच्यासाठी निम्मा भार सरकारने उचलावा.

आणि हवेचं. कारखान्यांसाठी 1948 च्या कायद्यात माणशी 14.2 घनमीटर जागा असा आकडा लिहिला होता, चार मीटर वीस सेंटीमीटरच्या वरची उंची धरायची नाही इतकं बारकाईने. मग आमच्यासारख्या एसी ऑफिसांना हवेचा आकडा का नको? 2020-21 मध्ये आमच्या ऑफिसला जेवढी सर्क्युलर आली ती सगळी माझ्याकडे फाइलला आहेत, त्यात सॅनिटायझर आहे, टेम्परेचर गन आहे, अंतर आहे, हवेचा आकडा एकातही नाही. जिथे दहापेक्षा जास्त माणसं बंद एसी रूममध्ये बसतात तिथे भिंतीवर मीटर, सगळ्यांना दिसेल असा, आणि तो अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ 1000 च्या वर राहिला तर खिडकी किंवा पंखा नाहीतर माणसं कमी, एवढा साधा नियम करा. तुमच्या इन्स्पेक्टरना एकेक मीटर द्या आणि त्यांना दुपारी साडेबाराच्या पुढे पाठवा, सकाळी दहाला प्रत्येक रूम चांगलीच दिसते.

माझा मीटर, रोजच्या आकड्यांची वही आणि ती सर्क्युलरची फाइल घेऊन मी मंत्रालयात यायला तयार आहे, एक दिवस सीएल टाकून.

आपली,
वागळे इस्टेटमधली एक टीम लीडर