इन्चार्ज सिस्टर, त्या तीन ओळींसाठी

आदरणीय सिस्टर,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "पुरे, आधी तीन नंबरचं सक्शन कर" म्हणता. आता मी तुमच्या ड्युटी लिस्टवर नाही, त्यामुळे सगळं ऐकून घ्यावं लागेल.

एम.एस्सी. नर्सिंगला जायचंय म्हटल्यावर ऑफिसातून पहिला प्रश्न आला, "नोकरी करता करता नाही का होत?" नाही होत. दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत ८० टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही, आणि पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकं पूर्ण १०० टक्के व्हावी लागतात. हे सगळं मी समजावून सांगितलं, राजीनामा दिला. साहेबांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, "बदली माणूस मिळू दे, मग बघू." पुढे विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "कुठला राजीनामा? आमच्याकडे काही आलेलं नाही."

महिन्याची नोटीस राजीनामा मिळाल्यापासून मोजायची आणि राजीनामा मिळालाच नाही म्हणायचं! माझं कौन्सिलचं मूळ रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटही त्यांच्याच कपाटात. सोबतच्या मुली सांगत होत्या, भांडू नकोस, अनुभवाचा दाखला अडवतील. तो अडला असता तर सगळंच अडलं असतं, कारण बी.एस्सी. झाल्यावर किमान एक वर्ष काम केल्याचा पुरावा नसेल तर एम.एस्सी.ला प्रवेश नाही.

तुम्ही आमच्या आयसीयूत नव्यानेच आला होतात. माझं पत्र वाचून एवढंच म्हणालात, "ही विनंती काढ." 'राजीनामा मंजूर करावा ही नम्र विनंती' या ओळीवर तुम्ही काट मारलीत. पगाराविषयीचा अख्खा परिच्छेदही गेला. तो खरा होता, पण त्यावरून चर्चा लांबवायला त्यांना निमित्त मिळालं असतं. उरलं ते इतकंच: उच्च शिक्षणासाठी राजीनामा देत आहे, आजपासून एक महिन्याची नोटीस धरावी, कामाचा शेवटचा दिवस ४ जुलै, त्या दिवशी मूळ कागदपत्रं, कार्यमुक्तीचं पत्र आणि अनुभवाचा दाखला द्यावा. ४ जुलै ही तारीख शाईने लिहायला लावलीत. कॉलेजात हजर होण्याच्या तारखेआधी कार्यमुक्ती हवी, दोन्हीकडे एकाच दिवशी हजर दिसले तर प्रवेशावर प्रश्न येतो, हे ऑफिसातल्या कुणालाही सुचलं नव्हतं, की सुचून ते गप्प होते, देव जाणे.

मग ते तुम्ही केलंत. दुसऱ्या प्रतीवर स्वतःच्या हाताने लिहिलंत: "मूळ प्रत मिळाली. ४ जून, सकाळी ८.२०." खाली नाव, हुद्दा, सही. रुग्णाला इंजेक्शन दिल्यावर आपण चार्टवर जशी वेळ टाकतो, अगदी तशी. नर्सिंगमध्ये आपल्याला पहिल्या वर्षापासून घोकवतात, जे लिहिलं नाही ते केलंच नाही. आमच्या बाजूने तो नियम लावणाऱ्या तुम्ही पहिल्या. त्या सहीने तुमच्यावर कुणाची नाराजी ओढवली असेल ते मला माहीत आहे. तुम्ही कधी बोलला नाहीत.

त्यानंतर ऑफिसातला सूर बदलला. प्रत दाखवली तेव्हा ड्रॉवरही उघडला आणि हरवलेलं जुनं पत्रही सापडलं!

शेवटच्या दिवशी दाखला हातात आला तर त्यावर पहिल्या सहा महिन्यांपुढे 'ट्रेनी'. मी तर सही करून घेऊन निघाले होते. तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतलात, रुजू झाल्याच्या दिवसापासूनचे ड्युटी रोस्टर घेऊन ऑफिसात गेलात आणि 'स्टाफ नर्स, पूर्णवेळ, अतिदक्षता विभाग' असं, रुजू होण्याच्या आणि सोडण्याच्या तारखांसह, नव्याने टाइप करून आणलंत. रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटही त्याच फेरीत. छाननीच्या टेबलावर बाईंनी दाखल्यावरच्या तारखा दोनदा वाचल्या आणि पुढचा कागद मागितला.

माणूस चांगला आहे की नाही हे बघायला नाइटला स्टाफ कमी असताना तो कुणाच्या वाट्याला दोन व्हेंटिलेटर देतो ते बघावं, असं माझी आई म्हणते, तीही नर्सच होती. नोटीसच्या महिन्यात बाकी ठिकाणी जाणाऱ्या मुलीला सगळ्या नाइट लावतात. तुम्ही मला इतरांइतक्याच लावल्यात, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. सवलत दिली असती तर मला इतकं बरं वाटलं नसतं.

विषय मेडिकल सर्जिकल घेतला आहे. प्रबंध बेडसोअरवर करायचा विचार आहे, दर दोन तासांनी कूस बदलायचं वेळापत्रक खरोखर किती पाळलं जातं यावर. दुसऱ्या वर्षी तुमचा एक तास मागायला येईन. सक्शन आधी करून घेईन.

तुमची,
आयसीयूतली जुनी स्टाफ