विषय: ग्रूव्ह कॅल्क्युलेटरने दिलेली चुकीची रुंदी, आणि त्यावर तुमच्या तांत्रिक विभागाने दिलेली उत्तरं

प्रति,
व्यवस्थापन

आजच्या कॉलनंतर फोनवरून काही निष्पन्न होणार नाही याची खात्री पटली, म्हणून लेखी देते आहे. कॉर्ड तुमची आणि कॅल्क्युलेटरही तुमचा, तेव्हा ओ-रिंग म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही.

हायड्रॉलिक युनिटच्या सपाट झाकणासाठी आम्ही तुमची ६ मिमी नायट्राइल कॉर्ड घेतली. आतून तेलाचा दाब, झाकण बोल्टने आवळलेलं, झाकण आणि फ्लँज धातूला धातू टेकून बसणार, म्हणजे साधा स्थिर फेस सील. कॉर्डच्या पेटीवर ठळक छापलंय की ग्रूव्हचं माप तुमच्या मोबाइल कॅल्क्युलेटरवरून घ्यावं. कॅल्क्युलेटर दोनच गोष्टी विचारतो: कॉर्डची जाडी आणि किती टक्के स्क्वीझ हवा. मी ६ आणि २५ भरले. उत्तर आलं खोली ४.५० आणि रुंदी ६.६०.

खोलीबद्दल माझी तक्रार नाही. ६ चे २५ टक्के १.५, ते वजा केले की ४.५. तुमच्या लेबलप्रमाणे कॉर्ड ०.३ मिमीने कमीजास्त असू शकते. ५.७ ची आली तर स्क्वीझ २१ टक्के पडतो, ६.३ ची आली तर २८.६. फेस सीलला दोन्ही चालतात. इथपर्यंत सगळं ठीक.

घोळ रुंदीत आहे. ६ मिमी कॉर्डच्या छेदाचं क्षेत्रफळ २८.३ चौरस मिमी. ४.५ गुणिले ६.६ म्हणजे ग्रूव्हचं २९.७. रबराने ९५ टक्के जागा व्यापली, आणि ती कोरडं, थंड, अगदी नेमक्या मापाचं असताना! कॉर्ड ६.३ ची असेल तर तिचं क्षेत्रफळ ३१.२ होतं. २९.७ च्या खाचेत ३१.२ रबर. हे बसत नाही हे सांगायला कॅल्क्युलेटर लागत नाही, पण तुमचा कॅल्क्युलेटर ते सांगत नाही हा मुद्दा आहे.

वर तेलात रबर फुगतं. तुमच्याच माहितीपत्रकात आमच्या जातीच्या तेलासाठी ५ टक्क्यांपर्यंत फुगवटा दिलाय. तेल साठेक अंशांनी तापलं की आकारमानात आणखी तीन-साडेतीन टक्के वाढतात. धातूचा ग्रूव्ह त्या मानाने जवळपास आहे तिथेच राहतो. म्हणजे नेमक्या मापाची कॉर्डसुद्धा चालू युनिटमध्ये १०३ टक्क्यांवर जाते.

मग काय होतं हे तुम्हाला माहीत असायला हवं, तरी झाकणांवर जे दिसलं ते लिहिते. बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या टॉर्कला आवळले. फीलर गेज बोल्टजवळ शिरत नव्हतं, दोन बोल्टांच्या मध्ये मात्र आरामात आत जात होतं. झाकणं अॅल्युमिनियमची, ती बोल्टांच्या मध्ये वर उचलली गेली, आणि तेल नेमकं तिथूनच पाझरलं. उघडल्यावर कॉर्डचा छेद गोल नाही, लंबगोलही नाही, ग्रूव्हच्या कोपऱ्यांसकट चौकोनी. एका काठाला रबराची पातळ झालर बाहेर आलेली आणि ती फटीत सापडून कुरतडलेली. कमी दाबलेल्या सीलवर असं काहीच दिसत नाही. तिथे कॉर्ड गोलच राहते आणि झाकणावर तिचा जेमतेम अरुंद पट्टा उमटतो. फोटोंमध्ये दोन्हींतला फरक लहान मुलालाही दिसेल. फोटो तुमच्याकडे आहेत. पाठवल्याची पोचही आहे.

आता तो कॉल. तांत्रिक विभागाच्या गृहस्थांनी आधी माझं म्हणणं अर्ध्यावर तोडून विचारलं, "मॅडम, वर्कशॉपमधलं कुणी असेल तर फोन देता का त्यांना?" मी म्हटलं, ग्रूव्हचं ड्रॉइंग माझं आहे, बोला. तर म्हणाले, "बोल्ट नीट आवळले नसतील." टॉर्कचे आकडे वाचून दाखवले. थोडा वेळ शांतता. मग, "मॅडम, रबर दबतं हो. म्हणूनच तर रबर वापरतात!"

मी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं की रबर दबत नाही, सरकतं. वरून दाबलं की बाजूला पसरतं, त्याचं आकारमान व्यवहारात तेवढंच राहतं. पसरायला बाजूला जागाच ठेवली नाही, तर ते झाकण उचलतं. म्हणूनच रुंदी ठरवायची ती क्षेत्रफळावरून. ते म्हणाले, "एक मिनिट, सीनिअरना विचारतो." संगीत ऐकवलं. बराच वेळ ऐकवलं. परत येऊन विजयी आवाजात सांगितलं, "लीक होतंय ना? मग स्क्वीझ वाढवा. तीस टक्के टाका."

मी तिथल्या तिथे तीस टाकले. खोली ४.२०, रुंदी ६.६०. म्हटलं, "आता या दोघांचा गुणाकार करा." म्हणाले, "गुणाकार सिस्टीम करते." म्हटलं, तरी करा. केला नाही, मीच केला: २७.७. कॉर्ड २८.३. म्हणजे तुमच्या सीनिअरांच्या सल्ल्याने कॉर्ड नवीकोरी असतानाच ग्रूव्हपेक्षा मोठी झाली. यावर उत्तर काय, तर "मॅडम, थोडं जोर लावून बसवा ना." आणि तक्रारीत नोंद केली: "ग्राहकाने बोल्ट कमी आवळले." हे मला नंतर आलेल्या मेसेजवरून कळलं. आकडे वाचून दाखवूनही!

ती नोंद मला सगळ्यात जास्त झोंबली आहे, हे लपवत नाही.

कॅल्क्युलेटरचं मर्म शोधायला मला फार कष्ट पडले नाहीत. स्क्वीझ १० भरा, २५ भरा, ३० भरा, रुंदी ६.६० ची ६.६०. म्हणजे आत काही गणित नाहीच, जाडीला १.१ ने गुणून मोकळे. १० टक्क्यांना खोली ५.४ येते आणि भराव ७९ टक्के बसतो, तिथे हे जमतं. माझा अंदाज असा, की पुढेमागे सरकणाऱ्या रॉडच्या सीलसाठी, जिथे घर्षणापायी स्क्वीझ कमीच ठेवतात, कुणीतरी हा ठोकताळा काढला, आणि तुम्ही तो उचलून सगळीकडे चिकटवला. स्क्वीझ वाढला की खोली घटते, खोली घटली की तेवढंच रबर मावायला रुंदी वाढलीच पाहिजे. या तीन मापांचं एकमेकांशी नातं आहे, हे कॅल्क्युलेटर बनवणाऱ्याला कुणी सांगितलं नाही का?

तुमचा दुसरा "तोडगा" ईमेलवर आला: ग्रूव्ह ५.१ पर्यंत खोल करा. भराव खरोखरच ८४ टक्क्यांवर येतो, मान्य. पण स्क्वीझ १५ वर उतरतो आणि कॉर्ड ५.७ ची निघाली तर साडेदहावर. फेस सीलला हे फारच कमी. शिवाय रबर गरम तेलात दबून राहिलं की काही काळाने आपलं उसळणं गमावतं, मग त्या साडेदहातलं उरणार किती? खोली बरोबर होती. रुंदी चूक होती. बरोबर असलेलं माप बिघडवून चुकीचं माप झाकायचं, ही तुमची दुरुस्ती.

खरं उत्तर असं आहे. खोली ४.५ च ठेवायची. ७५ ते ८५ टक्क्यांच्या मधला भराव धरायचा, समजा ८०. २८.३ भागिले ०.८ म्हणजे ३५.३, त्याला ४.५ ने भागलं की ७.८५. आम्ही ८.० घेतली. नेमक्या कॉर्डला भराव ७८.५ टक्के, ६.३ च्या कॉर्डला ८६.६, आणि त्यावर फुगवटा व तापमान चढवलं तरी ९४ च्या आसपास. सगळ्यात वाईट अवस्थेतही झाकण उचलणार नाही. रुंदी वाढवताना आम्ही आतली भिंत कापली, कारण दाब आतून आहे आणि कॉर्ड बाहेरच्या भिंतीला टेकून बसली पाहिजे. बाहेरची भिंत हलवली असती तर दाब येताच कॉर्ड बाहेरच्या बाजूला ताणली गेली असती. दाब कोणत्या बाजूने आहे हेही तुमचा कॅल्क्युलेटर विचारत नाही, पण आता एकेक काढत बसले तर पत्र संपायचं नाही. असे रुंद केलेले फ्लँज कोरडे आहेत. ज्यांच्या आतल्या भिंतीमागे पुरेसं धातूच उरलं नव्हतं, ते भंगारात गेले. वाकलेली झाकणं वेगळी.

मला हवं आहे ते असं. कॅल्क्युलेटर दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवा. दुरुस्त करताना भरावाचे टक्के पडद्यावर दाखवा आणि ते जाड कॉर्ड, तेलातला फुगवटा आणि चालू तापमान धरून काढा. १०० ओलांडले तर माप देऊच नका. ज्यांनी आजवर त्या ६.६० वर ग्रूव्ह कापले त्यांना कळवा. आम्ही एकटेच नसू. भंगारात गेलेल्या फ्लँजची आणि वाकलेल्या झाकणांची भरपाई द्या, यादी सोबत जोडली आहे. आणि ती नोंद काढा. बोल्ट कमी आवळले नव्हते. टॉर्कचे आकडे फोनवर वाचून दाखवले होते, तिसऱ्यांदा लिहिते आहे.

तुमच्या कॉर्डबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. जाडी सारखी असते, सांधा चांगला बसतो, म्हणून तर इतकी वर्षं ड्रॉइंगवर तुमचंच नाव लिहीत आले. पुढच्या ड्रॉइंगवर ते नसेल. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर हे पत्र, फोटो आणि तो गुणाकार ग्राहक आयोगाकडे जाईल. उत्तर देणाऱ्याने आधी ४.२ गुणिले ६.६ स्वतः करून पाहावं, सिस्टीमवर सोडू नये.

सोबत: फोटो, ड्रॉइंग (जुनं आणि बदललेलं), टॉर्कच्या नोंदी, नुकसानीची यादी