सही जुळते आहे तोवर

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "सगळ्या एफडींना आई नॉमिनी आहे, मग काळजी कसली?" फोनवर हा विषय पुरा होणार नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

नॉमिनीचा अधिकार सुरू होतो तो खातेदार गेल्यावर. तेव्हासुद्धा बँक नॉमिनीच्या हातात पैसे देते ते वारसांच्या वतीने सांभाळायला. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते. पण तुम्ही हयात आहात, हॉस्पिटलमध्ये आहात किंवा हात थरथरतो म्हणून सही जुळत नाही, अशा वेळी आईला नॉमिनी म्हणून बँकेत काहीच करता येत नाही. मला काळजी वाटते ती या मधल्या काळाची.

त्या काळासाठी लागतं जोड नाव. तुमचं बचत खातं आज फक्त तुमच्या नावावर आहे. त्यात आईचं नाव घालून व्यवहाराची पद्धत "ईदर ऑर सर्व्हायव्हर" करू, म्हणजे दोघांपैकी कोणाचीही एक सही चालेल आणि एक जण मागे राहिला तर त्यालाही खातं चालवता येईल. फॉर्मवर चारपाच पर्याय असतात. "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर"वर चुकून खूण झाली, तर तुम्ही असेपर्यंत फक्त तुमचीच सही चालेल आणि आईचं नाव असून नसल्यासारखं होईल. म्हणून तो रकाना मी स्वतः वाचून मगच तुम्ही सही करा. पेन्शनच्या खात्यात मात्र तुमच्या दोघांशिवाय कोणाचंही नाव नको. उद्या आईला कुटुंब निवृत्तिवेतन घ्यायची वेळ आली, तर ते खातं सरळ राहिलेलं बरं.

एफडीचं गणित थोडं वेगळं आहे आणि बरीच घरं इथेच अडतात. तुमची पाच लाखांची मोठी पावती दोघांच्या नावावर आहे, पद्धतही ईदर ऑर सर्व्हायव्हरच आहे. मुदत संपल्यावर एका सहीने पैसे मिळतील. पण मुदतीआधी मोडायची असेल, तर दोघंही हयात असताना बँक दोघांच्या सह्या मागते. समजा तुम्ही आयसीयूत आहात आणि आई पावती घेऊन काउंटरवर उभी आहे, तर तिची एकटीची सही पुरणार नाही. आणि दोघांपैकी एक जण मुदतीआधी गेला, तर दुसऱ्याला ती मोडायला गेलेल्याच्या वारसांची संमती लागते, म्हणजे दादाच्या आणि माझ्या सह्या. ही दुसरी अडचण आजच टाळता येते. एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला मुदतपूर्व रक्कम द्यावी, असं दोघांच्या सह्यांचं संमतिपत्र रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसतं. ते एफडी करताना किंवा नंतर मुदतीत कधीही देता येतं. बऱ्याच शाखांत कोणी आपणहून सांगत नाही, मागावं लागतं.

पहिल्या अडचणीवर उपाय साधा आहे. ही पावती मुदत संपली की एकरकमी पुन्हा न ठेवता एकेका लाखाच्या पाच करू आणि त्यांच्या मुदती पुढेमागे ठेवू. दर काही महिन्यांनी एक पावती मोकळी होईल. एखादी मोडावी लागलीच तर व्याज तेवढ्याच लाखाचं कमी होईल. शिवाय हॉस्पिटलच्या पहिल्या आठवड्याचा खर्च निघेल एवढी रक्कम बचत खात्यातच राहू दे. तिथलं व्याज कमी, हे मला मान्य आहे, तरी राहू दे. ज्या पावत्या तुमच्या एकट्याच्या नावावर आहेत, त्यांत रक्कम आणि मुदत न बदलता आईचं नाव वाढवता येतं. पहिलं नाव तुमचंच ठेवू, म्हणजे ज्येष्ठ नागरिकांचा वाढीव दर जाणार नाही.

आई, तू विचारलंस की सगळीकडे सुमीचंच नाव का नाही घालायचं. माझं नाव एका बचत खात्यावर पुरे. तेवढ्यात औषधं, वीजबिल, मावशींचा पगार भागतो. सगळीकडे माझं नाव आलं तर उद्या दादाच्या मनात शंका येईल, आणि ती यायला मीच कारण दिलेलं असेल. शिवाय माझ्यावर कधी कर्जाचा दावा झाला तर तुमच्या पैशांची गोष्ट उगीच त्यात ओढली जाईल. कोणाला काय द्यायचं ते तुम्ही दोघांनी मृत्युपत्रात लिहा. खात्यावरच्या नावावरून ते ठरायला नको.

आता मुखत्यारपत्र. शेजारच्या काकांनी तुम्हाला सांगितलं की मुलीच्या नावे एक जनरल पॉवर ऑफ ॲटर्नी केली की सगळं निभावतं. बाबा, तसं नाही. आपल्याकडच्या करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, देणारा माणूस वारला किंवा त्याचं मानसिक संतुलन गेलं, की मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे स्मृतिभ्रंशात, जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं तेव्हाच ते चालत नाही. मग पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं, आणि तोवर पैसे अडकून पडतात. पाय मोडला, डोळ्याचं ऑपरेशन झालं, तुम्ही दादाकडे राहायला गेलात, अशा वेळी मात्र त्याचा उपयोग आहे. तेवढ्यासाठी मर्यादित मुखत्यारपत्र करू: ठरावीक बँक, ठरावीक खाती, व्यवहार चालवण्यापुरते अधिकार. घर विकण्याचा किंवा तारण ठेवण्याचा अधिकार त्यात नको, माझ्यासाठीसुद्धा नको. नोटरीकडे जाण्याआधी बँकेचा स्वतःचा मसुदा मागून घेऊ, कारण बाहेर केलेला कागद काही शाखा परत पाठवतात. आणि तुम्हाला वाटेल तेव्हा बँकेला लेखी कळवून ते रद्द करता येतं.

पतसंस्थेबद्दल लिहिताना हात अडखळतो, कारण तिथल्या लोकांशी तुमचा जुना घरोबा आहे. पण बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, दर ठेवीदाराला मुद्दल-व्याज मिळून पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेच्या ठेवींना ते नाही. तिथली मुदत संपेल तशी रक्कम बँकेत आणू या, तुम्हाला पटलं तर.

राहिली यादी. फुलस्केपचा एकच कागद, तुमच्याच अक्षरात, वर तारीख. प्रत्येक ओळीत बँक आणि शाखा, खात्याचे शेवटचे चार आकडे, नावांचा क्रम, व्यवहाराची पद्धत, नॉमिनी, मुदत आणि मूळ पावती कुठे आहे ते. लॉकर, विमा आणि पोस्टातली खातीही त्यातच. पिन किंवा पासवर्ड त्यात लिहायचा नाही. एक प्रत कपाटात, एक दादाकडे, एक माझ्याकडे. दर एप्रिलमध्ये नवी करू आणि जुन्या प्रती फाडू. यादी करताना जी खाती वर्षानुवर्षं हललेली नाहीत ती आपोआप समोर येतील. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं आणि पुन्हा केवायसी करावी लागते. तशी खाती बंद करून पैसे मुख्य खात्यात आणू.

दिवाळीनंतर मी येते आहे, तेव्हा बँकेची कामं उरकू. बाबा, तोवर दोघांची आधार, पॅन आणि प्रत्येकी चार फोटो एका पिशवीत काढून ठेवा. सहीचा नमुनाही बँकेत नव्याने देऊ. पेन्शनच्या कागदावरची तुमची हल्लीची सही आणि 1990 च्या पासबुकावरची सही आता एकसारखी दिसत नाही. आणि आई, बँकेत तूही चल. जोड नावासाठी तुझी सही तिथेच लागते.

तुमची,
सुमी