भांडवल परत न देणारी कंपनी

महोदय,
शेअर बाजारावरील लेखांत ॲमस्टरडॅमचा उल्लेख येतो, पण तिथे बाजार का उभा राहिला हे क्वचितच सांगितले जाते. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1602 मध्ये भांडवल गोळा केले, तेव्हा सनदेत दहा वर्षांनी हिशेब होईल आणि ज्याला हवे त्याला पैसे काढून घेता येतील, असे कलम होते. 1612 उजाडले तेव्हा कंपनीने ते टाळले. सरकारनेही संमती दिली. गोदामे, किल्ले, जहाजे यांत अडकलेला पैसा परत कसा देणार? मग पैसे मोकळे करण्याचा एकच मार्ग उरला, आपला हिस्सा दुसऱ्याला विकणे. तो कंपनीच्या खातेवहीत नव्या नावावर चढे.

सट्टा मात्र त्याआधीच शिरला होता. कंपनीचा माजी संचालक इझाक ल मेर याने 1609 मध्ये गुपचूप टोळी जमवून हाती नसलेले शेअर पुढच्या तारखेच्या वायद्याने विकले आणि भाव पाडले. 1610 मध्ये अशा विक्रीवर बंदी आली, तरी ती कुणी फारशी जुमानली नाही. त्याच वर्षी पहिला लाभांश मिळाला, तोही जायपत्रीच्या रूपात!

– एक वाचक, पुणे