बारावीच्या त्या दहा आठवड्यांबद्दल, मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर प्रणाम.

निकाल लागल्यावर मी तुम्हाला फोन केला होता, पण आनंदाच्या गडबडीत जे सांगायचे होते ते राहूनच गेले. आता इंजिनिअरिंगचे पहिले सत्र संपले असून थोडी उसंत मिळाली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, तुम्ही मला जे शिकवले ते माझ्यासारख्या घरात वाढणाऱ्या इतर मुलामुलींच्याही उपयोगी पडेल असे मला वाटते.

आमच्या घराची पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊकच आहे. आत्या डॉक्टर, दादाला बारावीला 95 टक्के, आणि बाबांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला एक कागद, ज्यावर माझे आठवीपासूनचे प्रत्येक परीक्षेचे गुण त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलेले. घरात कोणी कधी ओरडले नाही, मारणे तर दूरच. ‘आमची अपेक्षा काही नाही, तू फक्त तुझे शंभर टक्के दे’ असे सगळे म्हणत, आणि ते शंभर टक्के म्हणजे नेमके किती, हे मात्र त्या कागदावरून समजत असे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातील पूर्वपरीक्षेत भौतिकशास्त्राच्या पेपरला माझे काय झाले, हे मी तुम्हाला पहिल्या भेटीत सांगितले होते. मोठे प्रश्न आधी सोडवावेत असे दादाने सुचवले होते, म्हणून मी चार गुणांच्या ‘ड’ विभागापासून सुरुवात केली. समांतर अक्षाच्या सिद्धांताची सिद्धता मी त्या आठवड्यात चार वेळा वाचलेली होती, तरीही आकृती काढून झाल्यावर दुसऱ्याच ओळीला हात थांबला. छाती धडधडू लागली, तळहात ओले झाले आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटे मी त्याच पानाकडे पाहत बसले. नंतर हाती घेतलेले सोपे प्रश्नही चुकले. 70 पैकी 31 गुण मिळाले आणि बाबांनी ते कागदावर लिहिले नाहीत. त्यांनी ते लिहिले असते तर बरे झाले असते, असे मला तेव्हा वाटले.

त्यानंतर मी जे केले ते बहुतेक जण करतात. वेळ वाढवला. रात्री दोनला झोपून पहाटे पाचला उठू लागले, आणि रंगीत पेनांनी तीन वेळापत्रके तयार केली, ज्यांपैकी एकही दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत टिकले नाही. अशा अवस्थेत मी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही धीर देणारे काही बोलाल अशी माझी समजूत होती. तुम्ही मात्र तीन दिवसांची नोंद करून आणायला सांगितलेत: दर अर्ध्या तासापुढे ‘वाचले’, ‘न पाहता लिहिले’ किंवा ‘नुसते बसले’ यांपैकी एकच शब्द. ती नोंद पाहताना मला अक्षरशः लाज वाटली. दिवसाला अकरा तास मी टेबलाशी होते, आणि त्यांपैकी न पाहता लिहिण्यात जेमतेम अर्धा-पाऊण तास जात होता.

तुम्ही रागावला नाहीत. कोरा कागद पुढे ठेवलात आणि तीच सिद्धता लिहायला सांगितलीत. मी परत तिथेच अडले, तेव्हा तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात: ‘हे मधले पद शून्य का होते?’ ते शून्य होते हे मला पाठ होते, परंतु का होते ते सांगता येत नव्हते. दोन समांतर अक्षांपैकी एक वस्तुमानकेंद्रातून जातो, आणि त्या केंद्रापासूनची अंतरे चिन्हांसह घेतली की वस्तुमान आणि अंतर यांच्या गुणाकारांची बेरीज शून्य भरते, एवढेच ते कारण होते. पुस्तक उघडे असताना डोळ्यांना ती ओळ ओळखीची वाटते आणि मन समजते की आपल्याला हे येते. परीक्षेत ओळखीचा उपयोग नसतो, तिथे ती ओळ आपल्यातून बाहेर काढावी लागते, आणि भीतीच्या क्षणी सर्वांत आधी तीच निसटते जी नुसती ओळखीची असते. माझी भीती संपूर्ण खोटी नव्हती, तिच्यात तयारीबद्दलची एक खरी बातमी दडलेली होती, हे मला त्या कागदामुळे समजले.

त्याच दिवशी तुम्ही कपाटातून तुमचे जुने गजराचे घड्याळ काढून मला दिलेत, कारण वेळ लावण्यासाठी मी मोबाइल हातात घेत असे आणि वेळ लावून झाल्यावरही तो हातातच राहत असे. पन्नास मिनिटांचा एक टप्पा, त्यातील वीस मिनिटे वाचन, उरलेली तीस मिनिटे वही-पुस्तक बंद करून लेखन, मग लाल पेनाने स्वतःच तपासणी, आणि दहा मिनिटे टेबलापासून दूर. असे दिवसाला सहाच टप्पे. सहा तास ऐकून आई घाबरली होती, कारण शेजारची मुलगी चौदा तास बसते अशी तिची माहिती होती. जे अडेल ते चुकांच्या वहीत जायचे आणि दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग दहाव्या दिवशी पुन्हा कोऱ्या कागदावर उतरवायचे. पहिला आठवडा फार वाईट गेला. न पाहता लिहिताना आपले अज्ञान रोज डोळ्यांसमोर येते, तर वाचताना सगळे येत असल्याचे सुख असते. त्या सुखाकडे परत जाण्याचा मोह मला किती वेळा झाला ते तुम्हाला सांगितले नव्हते.

झोपेच्या बाबतीत तुम्ही झोपण्याच्या वेळेऐवजी उठण्याची वेळ ठरवून दिलीत, कारण झोप आपल्या हुकमाने लागत नाही, उठणे मात्र आपल्या हाती असते. सकाळी सहा ही वेळ रविवारीही बदलायची नाही, दुपारी चारनंतर चहा नाही आणि रात्री साडेदहानंतर पुस्तक नाही. घडी बसायला नऊ-दहा दिवस लागले.

काळजीसाठी संध्याकाळी साडेसहाची पंधरा मिनिटे राखून ठेवण्याची युक्ती मला सुरुवातीला पोरकट वाटली होती, हे आता कबूल करते. अभ्यासात मध्येच आलेला विचार समासात एका शब्दाने टिपायचा आणि त्याला साडेसहाची वेळ द्यायची. संध्याकाळी ते शब्द वहीत सविस्तर लिहून प्रत्येकापुढे ठरवायचे की यावर उद्या काही करता येते का. ‘सेंद्रिय रसायनातील शास्त्रज्ञांच्या नावाच्या अभिक्रिया येत नाहीत’ या काळजीवर उद्याचा तिसरा टप्पा हे उत्तर होते. ‘बाबांना लोकांना तोंड दाखवता येणार नाही’ या काळजीवर उद्या काहीच करता येत नव्हते. ती लिहून वही मिटायची. तो विचार नाहीसा झाला नाही, पण दिवसभर पिच्छा पुरवणे त्याने सोडले.

पेपरात कोरे पडण्यावर तुम्ही जे सांगितलेत ते मात्र सरावाशिवाय निरुपयोगी ठरले असते. पेन खाली ठेवायचे, दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे, चार मोजत श्वास घ्यायचा आणि सहा मोजत सोडायचा, असे पाच वेळा. मग त्या प्रश्नासाठी जागा सोडून आपल्याला हमखास जमणाऱ्या प्रश्नाचा क्रमांक लिहायचा. दर रविवारी अकरा ते दोन, म्हणजे बोर्डाच्याच वेळेला, मी पूर्ण पेपर सोडवत असे, आणि त्यात तुम्ही मुद्दाम न येणारे दोन प्रश्न घालून ठेवत असा, जेणेकरून अडण्याचीही सवय व्हावी. ‘अ’ विभागापासून सुरुवात करण्याचा क्रमही तिथेच पक्का झाला, कारण पहिल्या पंधरा मिनिटांत हात चालू झाला की छातीही शांत होते.

जानेवारीत एक मंगळवार पूर्ण वाया गेला. बुधवारी मी बारा टप्प्यांचा बेत घेऊन आले आणि तुम्ही तो कागद उलटा ठेवलात. बुडालेला दिवस भरून काढायचा नाही, राहिलेले रविवारच्या मोकळ्या संध्याकाळी बघायचे आणि आज फक्त पहिला टप्पा वेळेवर सुरू करायचा, हा तुमचा नियम मला आजही सर्वांत अवघड वाटतो.

आईबाबांशी तुम्ही केलेल्या चाळीस मिनिटांच्या बोलण्याचे ऋण वेगळेच आहे. त्यांना दोष दिला असता तर ते परत आले नसते. गुणांऐवजी रात्री जेवताना ‘आज काय अडले आणि ते सुटले का’ एवढेच विचारा, असे तुम्ही सुचवल्यावर बाबा म्हणाले, ‘म्हणजे आम्ही काळजी करायचीच नाही का?’ त्यावर तुम्ही त्यांना काम दिलेत: रविवारी पर्यवेक्षक व्हायचे, अकराला पेपर द्यायचा, दोनला काढून घ्यायचा आणि त्या दिवशी गुणांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पहिल्या रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसले होते. त्यांच्या भीतीलाही काहीतरी करायला हवे होते, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

तुमची आणखी एक गोष्ट मला इथे नमूद करायलाच हवी. पहिल्याच दिवशी तुम्ही झोप, जेवण आणि ‘जगणे नको वाटते का’ हे तिन्ही प्रश्न अजिबात न अडखळता विचारलेत. झोप आणि भूक दोन आठवडे उडाली तर, किंवा तसा विचार एकदाही आला तर, हे वेळापत्रकाचे काम नाही, लगेच घरच्यांना सांगून डॉक्टरांकडे जायचे, आणि रात्री-अपरात्री कोणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोलायचे, असे सांगून तो क्रमांक तुम्ही माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलात. मला त्याची गरज पडली नाही, परंतु वर्गातील एका मैत्रिणीला मी तो दिला.

बोर्डाच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात मी एकदा अडलेच. जागा सोडली, श्वास मोजले, पुढे गेले, आणि शेवटच्या वाढीव दहा मिनिटांत परत येऊन त्या प्रश्नाचे निम्मे उत्तर लिहिले. 600 पैकी 506 गुण मिळाले, म्हणजे दादाच्या फार खाली. आत्याने फोनवर दोन क्षण काही न बोलता घालवले. बाबांनी कपाटाच्या कागदावर 84.33 हा आकडा लिहिला आणि त्यापुढे, पहिल्यांदाच, तारीखही घातली.

तुमचे घड्याळ अजून आमच्याकडेच आहे, त्याबद्दल क्षमा असावी. धाकटा भाऊ यंदा दहावीला असून ते त्याच्या टेबलावर आहे आणि रविवारी बाबा पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालतात. मार्चमध्ये त्याचा शेवटचा पेपर झाला की मी स्वतः येऊन ते परत करीन.

तुमची कृतज्ञ विद्यार्थिनी